व्हीआर रेसिंगमध्ये ‘गाडी लागते’? आधी काय तपासायचं, मग काय

पहिल्यांदा हेडसेट लावून सिम्युलेटरमध्ये बसलेल्या बहुतेकांची गोष्ट सारखीच असते. पहिला लॅप भारी वाटतो. दुसऱ्या लॅपला कपाळावर घाम येतो, तिसऱ्याला तोंडात पाणी सुटतं आणि हेडसेट काढावा लागतो. मग माणूस सेटिंग्जमध्ये जातो, `FOV` लिहिलेला स्लायडर शोधतो आणि तो मागेपुढे करत बसतो. त्याने काहीच होत नाही, कारण सुरुवातच चुकीच्या टोकाकडून झालेली असते.

प्रवासात गाडी का लागते हे माहीत असेल, तर इथलं कारणही लगेच कळेल. आतल्या कानातला तोल सांभाळणारा अवयव आणि डोळे मेंदूला वेगवेगळ्या बातम्या देतात. बसमध्ये पुस्तक वाचताना कान म्हणतो ‘हलतोय’ आणि डोळे म्हणतात ‘स्थिर आहे’. व्हीआरमध्ये नेमकं उलटं होतं: डोळ्यांना ताशी 200 किलोमीटरचा वेग दिसतो आणि शरीर मात्र खुर्चीत बसलेलं असतं. हा झगडा पूर्ण मिटत नाही. पण त्याच्यावर आणखी चार-पाच छोटे झगडे चढलेले असतात, चुकलेलं भिंगांचं अंतर, अडखळणारं चित्र, उगाच हलणारा कॅमेरा, आणि ते सगळे काढता येतात. खालचा क्रम त्यासाठीच आहे. तो मोडू नका, कारण पुढच्या टप्प्यातली तपासणी मागचा टप्पा बरोबर आहे हे धरूनच केलेली आहे.

## एफओव्हीबद्दलचा घोळ आधी मिटवू

मॉनिटरवर एफओव्ही म्हणजे समोरच्या चौकटीत जगाचा किती कोन कोंबायचा हा हिशेब. पडदा किती रुंद आणि डोळ्यांपासून किती लांब यावरून तो काढतात. कोन कमी केला की चित्र मोठं होतं, वाढवला की लहान.

हेडसेटमध्ये ही मोकळीक नाही. तिथे कोन भिंगं आणि पडदा ठरवतात, आणि गेमने त्याच कोनात चित्र काढलं तरच जग जागेवर राहतं. तुम्ही मान 30 अंश वळवली, तर चित्रही 30 अंशच सरकायला हवं. समजा एखाद्या फाइलमध्ये हात घालून किंवा झूमची कळ दाबून तुम्ही चित्र मोठं केलं. आता मान 30 अंश वळते, पण जग जास्त सरकल्यासारखं दिसतं. हेड ट्रॅकिंगचा मेळ तुटला की मळमळ मिनिटाभरात येते, गाडी पिटमध्ये उभी असली तरीही.

म्हणून व्हीआरमध्ये एफओव्ही ‘बदलायचा’ नसतो. त्याच्या कडा झाकता येतात, म्हणजे चित्राचं माप तेच ठेवून बाजूचा भाग काळा करता येतो. ते टप्पा 6 मध्ये आहे, आणि इतक्या शेवटी असण्याला कारण आहे.

## तयारी

एक मिलिमीटरची फुटपट्टी, आरसा, भिंगं पुसायचं कोरडं मायक्रोफायबर कापड आणि एक टेबल फॅन एवढं जवळ ठेवा. फॅन समोरून तोंडावर वारा येईल असा लावा. उकाड्याने मळमळ लवकर चढते, शिवाय वाऱ्याच्या दिशेमुळे ‘समोर कुठे आहे’ याची शरीराला एक खूण मिळते.

पोट रिकामं नको आणि तुडुंब भरलेलंही नको. सर्दीने कान दडपलेले असतील किंवा झोप झालेली नसेल, तर त्या दिवशी सेटिंग करू नका. त्या दिवशीचा निकाल दुसऱ्या दिवशी कामाचा नसतो.

## टप्पा 1: हेडसेट डोक्यावर नीट बसवा

आधी आयपीडी, म्हणजे दोन बाहुल्यांमधलं अंतर. बहुतेक मोठ्या माणसांचं ते 54 ते 74 मिलिमीटरच्या मध्ये असतं, आणि हेडसेट खोक्यातून निघताना ज्या मापावर असतो ते तुमचं असेलच असं नाही.

आरशापासून साधारण 20 सेंटिमीटरवर उभे राहा. फुटपट्टी भुवयांना टेकवून आडवी धरा. उजवा डोळा मिटा आणि शून्याची रेघ डाव्या बाहुलीच्या मध्यावर आणा. आता डोकं आणि फुटपट्टी अजिबात न हलवता डावा डोळा मिटा, उजवा उघडा, आणि उजव्या बाहुलीच्या मध्यावरचा आकडा वाचा. तीनदा मोजा. तिन्ही वेळा एका मिलिमीटरच्या आत उत्तर आलं की तो आकडा धरा आणि हेडसेटवर लावा. काही हेडसेटमध्ये भिंगांच्या दोन-तीन ठरलेल्या जागाच असतात. तिथे सगळ्यात जवळची निवडा.

मग हेडसेट चढवा आणि डोळ्यांसमोर थोडा वर-खाली सरकवत बारीक अक्षरं सर्वांत स्पष्ट दिसतील ती जागा शोधा. ती सापडल्यावरच पट्टे आवळा. वजन गालांवर नको, डोक्याच्या मागच्या उंचवट्याखाली पट्टा अडकायला हवा.

तपासणी: डोकं जोरात ‘नाही नाही’ असं हलवा. हेडसेट चेहऱ्यावर मागे राहत असेल तर पट्टा सैल आहे. सैल हेडसेटमुळे ब्रेकिंगला अक्षरं धूसर होतात आणि दोष उगाच ग्राफिक्सला जातो.

इशारा: भिंगांवर थेट ऊन पडू देऊ नका. ती बहिर्गोल भिंगासारखं ऊन एकवटतात आणि आतला पडदा कायमचा जळतो.

## टप्पा 2: ट्रॅकिंग स्थिर करा

हेडसेटवरच कॅमेरे असतील, तर ते खोली बघून डोक्याची जागा ठरवतात. त्यांना उजेड लागतो, आणि भिंतींवर पकडण्यासारखं काहीतरी लागतं. कोरी पांढरी भिंत, अंधारी खोली किंवा समोर मोठा आरसा असेल तर ते चुकतात.

रेसिंगच्या सेटअपमध्ये आणखी एक चूक सर्रास दिसते: समोरचा मोठा मॉनिटर चालूच असतो आणि त्यावर तोच ट्रॅक धावत असतो. कॅमेऱ्यांना ती हलणारी खोली वाटू शकते आणि डोकं स्थिर असताना कॉकपिट हळूच सरकतं. मॉनिटर बंद करा किंवा त्यावर काहीतरी टाका.

भिंतीवर लावायचे बेस स्टेशन असलेला हेडसेट असेल, तर ते रिगच्या नळ्यांना बांधू नका. फोर्स फीडबॅकच्या धक्क्यांनी ते थरथरतात आणि ती थरथर सगळ्या जगात उतरते.

तपासणी: गाडी पिटमध्ये उभी करा. स्टीअरिंगची कड बघत डोकं हळूहळू 10 सेंटिमीटर डावीकडे, मग उजवीकडे न्या. डॅशबोर्ड खोलीतल्या खऱ्या टेबलासारखा जागच्या जागी राहिला पाहिजे. तो तुमच्याबरोबर सरकत असेल तर ट्रॅकिंग चुकतंय. तो जागेवर आहे पण खेळण्यासारखा लहान किंवा बसच्या डॅशबोर्डएवढा मोठा वाटतोय, तर आयपीडी किंवा गेममधलं `World Scale` चुकलंय. ते 100 टक्क्यांवर आणा आणि आयपीडी पुन्हा मोजा.

मोशन रिगवाल्यांसाठी वेगळी सूचना: रिग पुढे झुकली की तुमचं डोकंही झुकतं, आणि हेडसेटला वाटतं तुम्हीच वाकलात. त्यामुळे कॉकपिटमध्ये तुमची जागा बदलते. यावर मोशन कॉम्पेन्सेशनचं सॉफ्टवेअर असतं, जे रिगची हालचाल डोक्याच्या हालचालीतून वजा करतं. ते लावल्याशिवाय पुढे जाऊ नका.

## टप्पा 3: फ्रेम पडता कामा नयेत

इथे सर्वांत जास्त वेळ द्या. माझ्या अनुभवात मळमळीच्या तक्रारींतल्या निम्म्याहून जास्त इथेच संपतात.

हेडसेट 90 हर्ट्झवर असेल, तर एक फ्रेम तयार करायला कॉम्प्युटरकडे 1000 भागिले 90, म्हणजे सुमारे 11.1 मिलिसेकंद असतात. 72 हर्ट्झवर 13.9, आणि 120 वर फक्त 8.3. ही वेळ चुकली की सॉफ्टवेअर फ्रेम निम्म्यावर आणतं आणि मधल्या फ्रेम अंदाजाने भरतं. समोरचा सरळ रस्ता त्यात बरा दिसतो. पण खिडकीच्या खांबामागून वेगाने जाणारी भिंत, शेजारची गाडी आणि ब्रेकिंगचे फलक यांच्या कडा लहरतात किंवा दुहेरी दिसतात. डोळ्याच्या कोपऱ्यातली ही लहर मेंदूला फार खटकते.

चूक अशी होते की लोक एकटेच ट्रॅकवर फिरतात, 90 फ्रेम बघतात आणि खूश होतात. खरी परीक्षा शेवटच्या रांगेतून 20 गाड्यांमागे सुरुवात करण्यात आहे. फ्रेम टायमिंगचा आलेख चालू करून तीच सुरुवात पुन्हा पुन्हा करा. 90 हर्ट्झवर ग्राफिक्स कार्डचा वेळ त्या गर्दीतही 9.5 मिलिसेकंदांच्या आत राहील असं बघा, म्हणजे एखाद्या धक्क्याला जागा उरते.

कापायचं ते या क्रमाने: आरशांचा दर्जा, सावल्या, प्रतिबिंबं, प्रेक्षक आणि झाडं, मग पावसाचे व धुराचे परिणाम. रिझोल्यूशन शेवटी, कारण लांबचं वळण स्पष्ट दिसलं नाही तर डोळे ताणून डोकं दुखतं. एवढं करूनही जमत नसेल, तर हेडसेट 72 किंवा 80 हर्ट्झवर आणा. न अडखळणारे 72 हे मधूनच 45 वर कोसळणाऱ्या 90 पेक्षा पोटाला कितीतरी बरे.

तपासणी: पिट लेनमधून सावकाश जाताना मान वळवून बाजूच्या खिडकीतून भिंतीकडे बघा. तिच्यावरची अक्षरं एकेरी दिसली पाहिजेत.

## टप्पा 4: बैठक आणि रिसेंटर

रिसेंटर म्हणजे तुमची आत्ताची बैठक हीच मूळ जागा, असं गेमला सांगणं. त्याची कळ स्टीअरिंगवरच्या बटणाला द्या. कीबोर्डवर ठेवली की ती दाबायला तुम्ही पुढे वाकता, आणि गेम ती वाकलेली जागाच तुमची खरी बैठक समजतो. मग सरळ बसल्यावर डोकं सीटच्या आत जातं.

रेस चालवताना बसता तसे बसा: पाठ टेकलेली, हात स्टीअरिंगवर, नजर समोर लांब. श्वास सोडा आणि बटण दाबा. त्यानंतर उंची आणि पुढे-मागे जागा गेममधल्या सीटच्या सेटिंगमधून जुळवा, डोकं सरकवून नाही.

आता डोळे मिटा, खरं स्टीअरिंग धरा, डोळे उघडा. पडद्यावरची रिम हातांच्या जागीच दिसायला हवी. खरं स्टीअरिंग 90 अंश वळवा. पडद्यावरचंही तेवढंच वळलं पाहिजे. ही जुळणी होत नसेल तर पडद्यावरचं स्टीअरिंग लपवा. हात एक सांगतायत आणि डोळे दुसरंच, यापेक्षा ते न दिसलेलं बरं.

## टप्पा 5: तुमच्याऐवजी डोकं हलवणारं सगळं बंद

मॉनिटरवर खेळणाऱ्याला वेग जाणवावा म्हणून गेम कॅमेरा हलवतात. ब्रेकला डोकं पुढे, वळणात बाजूला, खड्ड्यात थरथर. व्हीआरमध्ये याचा अर्थ तुमची मान कोणीतरी परस्पर फिरवतंय असा होतो. नियम एकच आहे: डोकं फक्त डोक्याने हलेल.

नावं गेमप्रमाणे बदलतात, पण शोधायचे शब्द असे:

- `Camera Shake`, `Head Movement`, `G-Force`: शून्य.
- `Look to Apex` किंवा स्टीअरिंगबरोबर नजर वळवणारं काहीही: शून्य.
- मोशन ब्लर: बंद.
- `Lock to Horizon`: चालू.

शेवटच्यावर जरा थांबू. हे बंद असताना तुमचे डोळे गाडीला खिळलेले असतात, म्हणून कर्बवर चाक चढलं की क्षितिजच डोलतं. चालू केलं की क्षितिज शांत राहतं आणि कॉकपिट तुमच्याभोवती हलतं. ज्यांना पटकन मळमळतं त्यांच्यापैकी बहुतेकांना हे मानवतं, कारण दृश्यातलं सर्वांत मोठं, सर्वांत लांबचं जग स्थिर झालेलं असतं.

इशारा: मोठ्या चढ-उतारावर याचा उलटा त्रास होऊ शकतो. स्पा-फ्रँकोरशाँच्या रेडियॉन चढावर गाडी नाक वर करते, तुम्ही मात्र क्षितिजाला धरून सरळ असता, त्यामुळे डॅशबोर्ड अंगावर आल्यासारखा वाटतो. कललेल्या ओव्हल ट्रॅकवर कॉकपिट तिरपं होतं. गेममध्ये हे सेटिंग टक्क्यांत असेल, तर अशा ट्रॅकसाठी अर्ध्यावर आणा. चांगली मोशन रिग असेल तर ते बंदच ठेवा.

## टप्पा 6: आता कडा झाका

वेगाची भावना प्रामुख्याने डोळ्याच्या कोपऱ्यातून येते. बंद छताच्या गाडीत खालचा भाग डॅशबोर्डने आणि वरचा छताने आधीच व्यापलेला असतो. ते तुमच्याबरोबर चालतात, म्हणून डोळ्यांना टेकायला जागा मिळते. वाहणारं जग दिसतं ते बाजूच्या खिडक्यांतून. म्हणून मळमळ कमी करायची तर आडव्या दिशेच्या, म्हणजे डाव्या-उजव्या कडा झाका. उभ्या दिशेच्या, म्हणजे वरच्या-खालच्या कडा झाकून ग्राफिक्स कार्डचं ओझं हलकं होतं, पोटाला विशेष फरक पडत नाही.

मेटाच्या हेडसेटसाठी कॉम्प्युटरवरच्या `Oculus Debug Tool` मध्ये `FOV-Tangent Multiplier` नावाच्या दोन चौकटी असतात: पहिली आडवी, दुसरी उभी. सुरुवातीला हे भरा:

```
0.85   0.90
```

हा आकडा थेट अंशांना लागू होत नाही, कोनाच्या टॅन्जंटला लागू होतो. एका बाजूला 45 अंश दिसत असतील तर 0.85 ने सुमारे 40 अंश उरतात. 0.8 ने साधारण 38.7. दुसऱ्या हेडसेटवर गेममध्ये किंवा हेडसेटच्या सॉफ्टवेअरमध्ये व्हिन्येट किंवा कडा कापण्याची सोय आहे का बघा. काहीच नसेल तर सोडून द्या, पण झूम करू नका.

तपासणी: आकडा बदलल्यावर स्टीअरिंगचं माप तेच दिसलं पाहिजे, फक्त काळी चौकट आत आली पाहिजे. माप बदललं तर ते कापणं नाही, झूम आहे. लगेच परत फिरा.

0.8 च्या खाली जाऊ नका. दुर्बिणीतून बघितल्यासारखं होतं आणि दारालगत आलेली गाडी दिसत नाही. शर्यतीत ती दिसणं गरजेचं आहे. महिनाभराने सवय झाली की दर आठवड्याला 0.05 ने कडा उघडत न्या.

## टप्पा 7: पहिले दहा दिवस

बंद छताची जीटी3 गाडी आणि मॉन्झासारखा सपाट ट्रॅक घ्या. लगूना सेकाचा कॉर्कस्क्रू, नॉर्डश्लाइफ आणि रॅली नंतर. पहिल्या दिवशी सात-आठ मिनिटं पुरेत, आणि तीही शर्यतीच्या साधारण 80 टक्के वेगाने.

वळणापूर्वी नजर आणि मान आधी वळवा, गाडी मागून येऊ द्या. मान ताठ ठेवून फक्त स्टीअरिंग फिरवलं तर सगळं वळण एकट्या डोळ्यांना घडतं. मान वळली की कानालाही निदान थोडी खरी हालचाल मिळते.

गाडी गरगरा फिरली की डोळे मिटा. क्षितिज धरून ठेवलं तरी हे गरगरणं थांबत नाही, आणि एका स्पिनने अख्खी संध्याकाळ बिघडते. पिटमध्ये परत उडी मारताना, ट्रॅक लोड होताना आणि रिप्ले सुरू होतानाही डोळे मिटा, कारण तेव्हा चित्र अनेकदा गोठतं आणि डोक्याबरोबर हलत नाही.

इशारा: जांभया, तोंडात लाळ, कानामागे गरम वाटणं ही पहिली लक्षणं. पहिल्यालाच थांबा. ‘एक लॅप उरलाय’ म्हणून ओढलं, तर शरीर हेडसेटच्या वासाशीच मळमळ जोडून ठेवतं आणि पुढच्या वेळी ती लवकर येते. लक्षणं पूर्ण जाईपर्यंत खरी गाडी चालवू नका.

## एका मित्राचं उदाहरण

माझा एक मित्र चार मिनिटांच्या पुढे टिकत नव्हता. त्याने एफओव्ही, ग्राफिक्स, खुर्ची सगळं एकाच दिवशी बदलून पाहिलं होतं, त्यामुळे कशाचा काय परिणाम झाला हे त्यालाच सांगता येईना. आम्ही सगळं मूळ जागी आणलं आणि वरच्या क्रमाने निघालो.

हेडसेट 68 मिलिमीटरवर होता, त्याचा आयपीडी भरला 61. तेवढं बदलल्यावर कपाळाची ठणक गेली, मळमळ राहिली. ट्रॅकिंग ठीक होतं. मग 20 गाड्यांमागे सुरुवात केली, तर ग्राफिक्स कार्डचा वेळ 14 मिलिसेकंदांवर. 90 ऐवजी प्रत्यक्षात 45 खऱ्या फ्रेम. आरसे आणि सावल्या उतरवून तो 12 वर आला, पुढे हलेना. म्हणून हेडसेट 72 हर्ट्झवर नेला, जिथे 13.9 ची मुभा होती. तो त्या दिवशी नऊ मिनिटं टिकला.

दुसऱ्या दिवशी फक्त `Lock to Horizon` चालू केलं आणि ब्रेकला डोकं पुढे ढकलणारं सेटिंग शून्यावर आणलं. 14 मिनिटं. तिसऱ्या दिवशी आडवी कड 0.85 केली. त्याने मॉन्झाच्या पहिल्या शिकेनला, जिथे त्याला नेहमी त्रास सुरू व्हायचा, तीनदा ब्रेक लावला आणि म्हणाला, “आता फक्त रस्ता थांबतोय, मी नाही.” दहाव्या दिवशी 25 मिनिटांची शर्यत पूर्ण केली.

स्पाला गेल्यावर मात्र रेडियॉनवर त्रास परत आला. तिथे क्षितिजाचं सेटिंग 50 टक्क्यांवर आणलं. ते आकडे त्याने ट्रॅकच्या नावासकट एका वहीत लिहून रिगशेजारी ठेवलेत, कारण गेमच्या अपडेटनंतर सेटिंग्ज मूळ जागी गेल्याचं त्याला आधी दोनदा पोटावरून कळलं होतं.